टीव्हीवरच्या तारांकन पट्टीवरून वर्षाचं वीजबिल कसं काढायचं?

सुगरण_नाही (धागाकर्ती)

टीव्ही घ्यायचाय. दोन मॉडेलांवर येऊन गाडी अडलीय. दोन्ही फोर-के.

एक ४३ इंची, ३ तारे, लेबलवर वर्षाला १२० युनिट.
दुसरा ५५ इंची, ५ तारे, लेबलवर वर्षाला १६० युनिट.

दुकानदार म्हणतो, "ताई, पाच तारेवाला घ्या, बिल कमी येईल." मग त्याच्यावर युनिट जास्त का लिहिलेत? आणि हे १२० किंवा १६० युनिट कोणत्या हिशोबाने? आमच्याकडे सासूबाईंच्या मालिका, मुलांची कार्टून्स, रात्रीच्या बातम्या असं धरून टीव्ही रोज ९ तास चालतो. महावितरणची सिंगल फेज जोडणी आहे, महिन्याला साधारण २५० ते २८० युनिट येतात, एप्रिल-मे मध्ये ३०० च्या वर जातात. वर्षाला नक्की किती रुपये धरू?

---

बाळूमामा_फॅन

५ तारे घ्या, डोळे झाकून. तारे जास्त म्हणजे बिल कमी. विषय संपला.

---

पोटमीटर

बाळूमामा, डोळे उघडून लेबल वाचलं असतं तर १६० हा आकडा १२० पेक्षा मोठा आहे हे दिसलं असतं. :)

ताई, तारे हे त्या त्या आकाराच्या वर्गातले गुण आहेत. बीईई म्हणजे हे तारे देणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या तक्त्यात टीव्हीला मिळणारी वीज-मर्यादा पडद्याच्या क्षेत्रफळाबरोबर वाढत जाते. ५५ इंची पडदा ४३ इंचीपेक्षा क्षेत्रफळाने साधारण १.६ पट मोठा असतो, म्हणून त्याला जास्त वीज खाऊनही पाच तारे मिळू शकतात. लहान टीव्ही कमी वीज खाऊन तीनवर अडकतो. एकाच आकाराच्या दोन टीव्हींत निवड करायची असेल तरच ताऱ्यांकडे बघा. एरवी लेबलवरचा युनिटचा आकडा तेवढा उचलायचा.

अजून एक भानगड म्हणजे फोर-के टीव्हींचा तक्ता वेगळा आणि साध्या एचडी, फुल एचडीचा वेगळा. त्यामुळे फुल एचडीचे ४ तारे आणि फोर-केचे ४ तारे शेजारी ठेवून काही कळत नाही. तुमचे दोन्ही फोर-के आहेत, तेवढी ही अडचण नाही.

---

दादरकर

लेबल-बिबल सोडा हो. टीव्हीच्या मागे पट्टी असते, तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. ५५ इंचीवर १४५ वॅट असेल तर १४५ गुणिले ९ तास गुणिले ३६५ भागिले १०००. झाले ४७६ युनिट. शाळेत शिकवलेलं गणित आहे, त्याला सरकारी स्टिकर कशाला लागतो?

---

वहनआकार

दादरकर काका, गणित बरोबर, पण आकडा चुकीचा घेतलात. मागच्या पट्टीवरचे वॅट म्हणजे जास्तीत जास्त. बॅकलाइट पूर्ण, आवाज पूर्ण, यूएसबीला काहीतरी लावलेलं, अशा अवस्थेत टीव्ही जेवढी वीज ओढू शकतो ती मर्यादा तिथे छापतात. वायर, सॉकेट आणि इन्व्हर्टर निवडायला ती उपयोगी. रोजच्या मालिका बघताना टीव्ही त्याच्या निम्म्याच्या आसपास चालतो, कधी थोडा वर कधी खाली.

लेबलवरच्या आकड्यामागे प्रत्यक्ष चाचणी असते. ठरावीक दहा मिनिटांचा व्हिडिओ लावतात, त्यात उजेडाची, अंधाराची, हालचालीची दृश्यं मिसळलेली असतात, आणि तेवढ्या वेळातली सरासरी वीज मोजतात. मग दिवसाला ६ तास टीव्ही चालू आणि १८ तास रिमोटने बंद, असं वर्षभर धरून युनिट काढतात. धागाकर्तीच्या "कोणत्या हिशोबाने" या प्रश्नाचं उत्तर हे.

आता उलटं जाऊ. ५५ इंचीवर १६० युनिट आहेत. रिमोटने बंद असताना हल्लीचे टीव्ही अर्धा वॅट घेतात असं धरा. १८ तासांचे, वर्षाचे ३.३ युनिट होतात. ते वजा केले की १५६.७ उरले. वर्षात चालू तास २१९० (६ गुणिले ३६५). भागलं की ७१.६ वॅट. म्हणजे दादरकरांच्या १४५ ऐवजी ७२.

एवढा कीस नको असेल तर सोपा रस्ता आहे: लेबलवरचे युनिट भागिले ६, गुणिले तुमचे तास. बंद अवस्थेतली वीज इतकी कमी असते की फार फरक पडत नाही.

४३ इंची: १२० ÷ ६ × ९ = १८० युनिट
५५ इंची: १६० ÷ ६ × ९ = २४० युनिट

लेबलवर ४० युनिटांचा फरक दिसतो, तुमच्या घरात तो ६० होतो.

---

दादरकर

बरं, पटलं. पण इन्व्हर्टरसाठी १४५ च धरायचे ना?

---

वहनआकार

हो, तिथे तुमचाच आकडा बरोबर.

---

निशाचर_नागपूर

इन्व्हर्टरचा विषय निघालाच आहे तर, माझा ८५० व्हीएचा आहे, १५० एएचची एक बॅटरी. लोडशेडिंगमध्ये ५५ इंची टीव्ही आणि दोन पंखे किती वेळ चालतील? आणि स्टॅबिलायझर लागतो का?

---

पोटमीटर

निशाचर, वेगळा धागा काढा हो, नाहीतर इथे बॅटरीच्या पाण्यापर्यंत जाऊ. टीव्ही आणि दोन पंखे ८५० व्हीएला जड नाहीत, इतकंच सांगतो.

---

शिल्पा_डोंबिवली

युनिट कळले, पण रुपये? माझ्या बिलावर कुठे ४.७१, कुठे १०.२९, शिवाय वहन आकार, वीज शुल्क. कोणता दर धरायचा?

---

वहनआकार

घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

शिल्पाताईंनी दिलेले आकडे महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकातले आहेत. हिशोब त्यावरच करून दाखवतो, तुम्ही ताज्या बिलाच्या मागचे दर घाला. घरगुती दर टप्प्यांचे असतात. पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५. त्यात प्रत्येक युनिटमागे वहन आकार १.१७. त्यामुळे टप्प्यांचे दर ५.८८, ११.४६ आणि १५.७२ होतात. वर १६ टक्के वीज शुल्क. शेवटी हातात येतं ते असं:

१ ते १००: ६.८२ रुपये
१०१ ते ३००: १३.२९ रुपये
३०१ ते ५००: १८.२४ रुपये

इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो धरलेला नाही. स्थिर आकार धरायचा नाही, कारण टीव्ही असो वा नसो, तो भरावाच लागतो.

धागाकर्तीच्या घरी दहा महिने वापर २५० ते २८० म्हणजे दुसऱ्या टप्प्यात, आणि दोन महिने तिसऱ्यात. टीव्ही आणून जे युनिट वाढतात ते वरच्या टोकाला चढतात, तळाच्या १०० मध्ये नाही. म्हणून:

५५ इंची, महिन्याला २० युनिट. दहा महिने १३.२९ ने २६५८, दोन महिने १८.२४ ने ७३०. एकूण साधारण ३,३९० रुपये.
४३ इंची, महिन्याला १५ युनिट. १९९४ अधिक ५४७. एकूण साधारण २,५४० रुपये.

फरक वर्षाला ८५० च्या आसपास. दुकानदाराचं "बिल कमी येईल" तुमच्या बाबतीत उलटं आहे.

---

कोकणातला_बंड्या

वरच्या टोकाचाच दर का? फ्रिजला १०० युनिट आधी का द्यायचे, टीव्हीला का नाही? एकूण बिल भागिले एकूण युनिट करा, जो सरासरी दर येईल तो सगळ्यांना सारखा लावा. टीव्हीवर अन्याय कशाला?

---

वहनआकार

"टीव्ही घेऊ की नको", "हा घेऊ की तो" असा प्रश्न असेल तर वरच्या टोकाचाच दर लागतो, कारण निर्णय बदलला की बिलातून तेवढेच युनिट कमी-जास्त होतात.

---

कोकणातला_बंड्या

आणि भाऊ-भाऊ एका घरात राहून बिल वाटून घेत असतील तर? तिथे वरचा दर धरला तर टीव्हीवाल्याच्या बोकांडी सगळं बसेल.

---

वहनआकार

वाटणी असेल तर सरासरी दर चालेल. पण धागाकर्तीचा प्रश्न वाटणीचा नाही.

---

कोकणातला_बंड्या

घर म्हटलं की सगळीकडे वाटणीच असते हो. माझं मत कायम.

---

भाडेकरू_हिंजवडी

आमच्या मालकांनी सबमीटर लावलाय आणि सरसकट १२ रुपये युनिट घेतात. मला टप्प्याबिप्प्यांची भानगडच नाही. २४० गुणिले १२, २,८८० रुपये. गरिबाचं गणित सोपं.

---

गोंयचो_पाव

गोव्यात दर महाराष्ट्रापेक्षा बरेच कमी आहेत, त्यामुळे वरचे रुपये आमच्याकडे लावू नका. युनिटचा हिशोब मात्र तोच.

---

श्टुटगार्टकर

इथल्या लेबलची पद्धत मला जास्त आवडते म्हणून सांगतो. २०२१ पासून युरोपात टीव्हीवर ए ते जी अशी नवी पट्टी आहे, आणि तिच्यावर वर्षाचा आकडा नसतोच. १००० तासांना किती किलोवॅट-तास, म्हणजे आपले युनिट, तेवढंच लिहितात. १००० तासांना ७२ किलोवॅट-तास म्हणजे थेट ७२ वॅट. ६ तास की ९ तास हा वादच उरत नाही. शिवाय एचडीआर चित्रासाठी वेगळा आकडा आणि वेगळा वर्ग छापतात, आणि तो पुष्कळ टीव्हींत साध्या चित्रापेक्षा चांगलाच जास्त असतो.

अमेरिकेतल्या भावाकडच्या पिवळ्या पट्टीवर दिवसाला ५ तास धरलेले असतात. भारतातला आणि तिकडचा आकडा शेजारी ठेवून "आपल्याकडचे टीव्ही जास्त वीज खातात" असं कोणी म्हणालं, तर आधी तास विचारा.

---

सुगरण_नाही

एचडीआर म्हणजे ते ओटीटीवर सिनेमा लावला की कोपऱ्यात येतं तेच ना? मग लेबलचा आकडा त्याला लागू नाही?

---

पोटमीटर

तेच. त्यात टीव्ही बॅकलाइट वर नेतो, म्हणून लेबलवरून काढलेल्या वॅटपेक्षा जास्त ओढतो. पण मालिका, बातम्या, कार्टून यांत एचडीआर जवळपास नसतंच, तुमच्या ९ तासांना फार धक्का लागणार नाही.

तुमच्या घरी खरा फरक पडेल तो पिक्चर मोडने. टीव्ही पहिल्यांदा सुरू केला की "घर" की "दुकान" असं विचारतो. घाईत दुकान निवडलं की चित्र कायम भडक राहतं आणि वीजही त्या मानाने जाते. "व्हिव्हिड" किंवा "डायनॅमिक" मोडचंही तसंच. चाचणी कारखान्यातून आलेल्या मूळ सेटिंगवर झालेली असते, त्यामुळे भडक मोड लावलात की लेबलचा आकडा विसरा.

मेनूमधल्या ब्राइटनेसने फसू नका. पुष्कळ एलईडी टीव्हींत तो फक्त काळ्या रंगाची पातळी हलवतो, वीज तेवढीच राहते. वीज कमी करायची तर "बॅकलाइट" नावाचा पट्टा खाली आणायचा. काही कंपन्या ब्राइटनेसलाच बॅकलाइटचं काम देतात. ओळखायची युक्ती: तो कमी केल्यावर पांढरा भाग मंद झाला तर तो बॅकलाइट. पांढरं तसंच राहून काळ्या केसांतले बारकावे नाहीसे झाले तर तो नुसता ब्राइटनेस.

---

मीटरवाचक

आत्तापर्यंत कोणी सेट-टॉप बॉक्सचं नाव काढलं नाही म्हणून लिहितोय. लेबलवर फक्त टीव्ही आहे. बॉक्स, साउंडबार, स्टिक, वायफाय राउटर यांतलं काही त्यात नाही.

बहुतेक घरांत रिमोटने टीव्ही बंद होतो, बॉक्स चालूच राहतो. बॉक्सचा दिवा हिरव्याचा लाल झाला तरी बऱ्याच जुन्या बॉक्सचा वीजवापर फारसा उतरत नाही. टीव्ही बंद करून तासाभराने त्यावर हात ठेवा. कोमट लागला तर तो झोपलेला नाही.

१० वॅटचा बॉक्स चोवीस तास, वर्षभर: ८७.६ युनिट. १३.२९ ने १,१६४ रुपये. धागाकर्तीच्या ४३ इंची टीव्हीच्या खर्चाच्या जवळपास निम्मे, आणि हे पंधरा तास कोणी काही बघत नसताना धरून. बॉक्स टीव्हीबरोबर भिंतीवरच्या बटणाने बंद केला तर ३३ युनिट उरतात. वाचले ५५ युनिट, ७३० रुपये. म्हणजे ४३ आणि ५५ इंचीतला ८५० चा फरक जवळजवळ भरून निघाला.

टीव्हीतच लपलेला दुसरा खादाड म्हणजे क्विक स्टार्ट. काही टीव्हींत "लवकर सुरू व्हा" किंवा हाक मारली की जागं व्हा अशी सोय असते. ती चालू ठेवली की बंद अवस्थेतला अर्धा वॅट वाढून १० च्या आसपास जाऊ शकतो. १५ तासांचे वर्षाला ५५ युनिट. टीव्ही सुरू व्हायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतील, सासूबाईंना तेवढा धीर असेल तर बंदच ठेवा.

---

बाळूमामा_फॅन

१० वॅट हे कशावरून? हवेतले आकडे?

---

मीटरवाचक

रास्त शंका. बॉक्सगणिक बदलतं, म्हणून मोजून बघा. सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर ऑनलाइन मिळतो, तो सगळ्यात बरा. नसेल तर घरचा मीटर आहेच.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० असा काहीतरी आकडा इंग्रजीत छापलेला असतो. म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की १ युनिट. काही मीटरवर वेगळा आकडा असतो, तुमचा वाचा. घरातले बाकीचे एमसीबी पाडा. फ्रिज आणि इन्व्हर्टर विसरू नका, इन्व्हर्टरचं चार्जिंग सगळा हिशोब बिघडवतं. फक्त टीव्ही चालू ठेवा, तोही नेहमीच्या मोडवर नेहमीची मालिका लावून. बॉक्स टीव्हीच्या सॉकेटवर असेल तर दोन्ही मिळून मोजलं जाईल हे लक्षात ठेवा. दहा मिनिटं लुकलुकी मोजा.

समजा ३८ आल्या. ३८ भागिले ३२०० म्हणजे ०.०११९ युनिट दहा मिनिटांत, सहापट केलं की तासाला ०.०७१, म्हणजे ७१ वॅट. लेबलवरून काढलेल्या ७२ शी जुळलं. ५५ ते ६० आल्या तर वॅट १०० च्या पुढे गेले, मोड भडक आहे किंवा बॉक्स मोजला गेला.

अर्धा वॅट अशा पद्धतीने मोजता येत नाही. एक लुकलुकी व्हायला अर्ध्या तासाहून जास्त लागेल, आणि इतक्या कमी प्रवाहाला मीटर दाद देईलच असं नाही. त्याला वॅटमीटरच हवा, तोही बऱ्यापैकी.

---

शिल्पा_डोंबिवली

मग रोज रात्री टीव्हीचंही बटण भिंतीवरून बंद करावं का?

---

पोटमीटर

अर्ध्या वॅटसाठी टीव्हीचं बटण दाबून वर्षाला ३ युनिट, म्हणजे ४० रुपयेही वाचत नाहीत. बॉक्ससाठी दाबा, क्विक स्टार्ट बंद करता येत नसेल तर त्यासाठी दाबा.

ओएलईडी टीव्ही असेल तर मात्र सांभाळून. तो रिमोटने बंद केल्यावर काही वेळ आतल्या आत पडद्याची दुरुस्ती करत असतो. लगेच भिंतीवरचं बटण दाबलं की ते काम अर्धवट राहतं. आणि ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो, त्यामुळे पांढऱ्या पडद्याच्या क्रिकेट-बातम्यांना जास्त आणि अंधाऱ्या सिनेमाला कमी वीज लागते. एका सरासरी व्हिडिओवर काढलेला लेबलचा आकडा तिथे एलईडीपेक्षा जास्त हलतो.

---

श्टुटगार्टकर

+१. बॉक्स वेगळ्या बटणावर घेतला की दोन्ही प्रश्न सुटले.

---

काटकसर_काकू

एक राहिलं. लेबलवरचा कालावधी बघा. बीईई तक्ते अधूनमधून कडक करते, त्यामुळे मागच्या काळात ४ तारे असलेलं तेच मॉडेल नव्या लेबलवर ३ ला येऊ शकतं. टीव्ही तोच, युनिटही तेच. जुन्या साठ्यातला "५ तारे" आणि नवा "४ तारे" यांत नवा कमी वीज खाणारा निघू शकतो. ऑनलाइन विक्रीच्या पानावरचा लेबलचा फोटो पुष्कळदा शेजारच्या आकाराच्या मॉडेलचा असतो. मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवा. बीईईच्या स्टार लेबल अ‍ॅपवर क्रमांक टाकून युनिट बघता येतात, शंका असेल तर तिथलेच धरा.

आणि समान आकारात ३ तारे १२० युनिट नि ५ तारे ९० युनिट असा पर्याय आला, तर ९ तासांना ४५ युनिट, ६०० रुपये वर्षाला. किमतीत फरक ३,००० असेल तर पाच वर्षांत वसूल. रोज दोन तास बघणाऱ्याला मात्र २० वर्षंही पुरणार नाहीत.

---

सुगरण_नाही

सगळ्यांचे आभार. ५५ इंचीचा अ‍ॅपवरचा आकडा तपासला, १६० नाही, १८४ आहे. दुकानातलं लेबल दुसऱ्या मॉडेलचं होतं, शेवटची दोन अक्षरं वेगळी. म्हणजे १८४ ÷ ६ × ९ = २७६ युनिट, महिन्याला २३. दहा महिने १३.२९ ने आणि दोन १८.२४ ने, एकूण ३,९०० च्या आसपास.

पण एक शंका. आत्ता घरी जुना ३२ इंची आहे आणि माझ्या २५० ते २८० युनिटांत तोही आलाच की. मग त्याचे वजा करायचे ना? त्याच्यावर लेबलच नाहीये.

---

मीटरवाचक

करायचेच. लेबल नसलं तरी दिवा मोजता येतो. दहा मिनिटं, बाकी सगळं बंद. किती लुकलुकी येतात ते इथे टाका.

---

कोकणातला_बंड्या

आणि मग तो ३२ इंची आतल्या खोलीत लावणार नाही ना? तसं असेल तर वजाबाकी कसली, बेरीजच.